मराठी अनुवादाचं पहिलं काम कुठे शोधावं: माझ्या वहीतले ९० दिवस

सहकारी बँकेतली सहा वर्षांची नोकरी सोडून मी नाशिकला आले ती २०२४ च्या सुरुवातीला. कर्ज विभागात बसत असल्याने इंग्रजी पत्रं, मंजुरीच्या अटी, वसुलीच्या नोटिसा मराठीत करून देणं हे माझ्याकडेच यायचं. त्याचे वेगळे पैसे कधी मिळाले नाहीत, पण ते काम मला आवडायचं. घरून इंग्रजी-मराठी अनुवाद करायचा हे ठरलं होतं. काम कुठे शोधायचं हे ठरलं नव्हतं.

पुण्याची माझी मावसबहीण या धंद्यात बारा-तेरा वर्षं आहे. तिला फोन केला तेव्हा तिने कोणत्याही एका साइटचं नाव घेतलं नाही. म्हणाली, "आधी वही घे. प्रत्येक ठिकाणी मराठीची खरी कामं आठवड्याला किती येतात ते मोज. आणि तिथला माणूस तुझ्यावर विश्वास ठेवायला काय मागतो, ते लिहून काढ. मग आपण बोलू." मी खरंच वही केली. रकाने चार: तारीख, ठिकाण, गेलेला वेळ, आलेले-गेलेले पैसे. पुढे जे सांगते आहे ते सगळं त्या वहीतलं आहे.

तीन प्रकारची ठिकाणं मी धरली. पहिला प्रकार म्हणजे सगळ्या कामांचा बाजार: अपवर्क आणि फायव्हर. दुसरा म्हणजे फक्त अनुवादकांसाठीचं ठिकाण, प्रोझ. तिसरा म्हणजे नोकरीच्या जाहिराती: लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम, इंटर्नशाला.

अपवर्कपासून सुरुवात केली, कारण सगळे तेच सुचवतात. तिथे अर्ज करायला कनेक्ट्स लागतात. एक कनेक्ट १५ सेंटचा, आणि एका अर्जाला कामाच्या आकाराप्रमाणे कमी-जास्त कनेक्ट्स जातात. मला सरासरी नऊ पडले. सुरुवातीला थोडे फुकट मिळाले, ते दहा-बारा दिवसांत संपले. आपला अर्ज यादीत वर दिसावा म्हणून जादा कनेक्ट्सची बोलीही लावता येते. ती मी दोनदा लावली आणि दोन्हीदा त्या माणसाने शेवटी कुणालाच काम दिलं नाही. गेलेले कनेक्ट्स गेलेच.

पहिले तीन आठवडे मी रोज सकाळी 'Marathi' हा शब्द टाकून शोधत होते. तेवढ्या काळात २३ जाहिराती आल्या. त्यातल्या ११ आवाज रेकॉर्ड करून देण्याच्या होत्या, म्हणजे फोनवर ठरावीक वाक्यं वाचायची आणि ध्वनिफिती पाठवायच्या. चार ठिकाणी एजन्सीला फक्त अनुवादकांची यादी भरून ठेवायची होती, लगेच काम नव्हतंच. पाच जाहिराती मात्र सरळ फसवणुकीच्या होत्या: पीडीएफमधली पानं टाइप करा, एवढ्याशा कामाला हजार-दोन हजार डॉलर, आणि लगेच टेलिग्रामवर या. तिथे गेलं की नोंदणीचे किंवा अनामतीचे पैसे मागतात. माझ्या ओळखीच्या एका मुलीचे असे साडेतीन हजार रुपये गेले, म्हणून हे जरा ठासून लिहिते आहे. काम देणारा कामाआधी तुमच्याकडून पैसे मागत असेल, तर पुढचा एक शब्दही वाचू नका. उरल्या तीन. तीन आठवड्यांत खरी अनुवादाची कामं तीन, आणि त्यातल्या दोनांवर मी बघेपर्यंत २० ते ५० अर्ज पडलेले.

मग जाहिरात उघडल्यावर मी आधी काम देणाऱ्याची माहिती बघायला शिकले. पैसे भरायची सोय पडताळलेली आहे का, आजवर किती जाहिराती टाकल्या आणि त्यातल्या किती वेळा खरंच कुणाला घेतलं, आलेले अर्ज त्याने शेवटचे कधी बघितले. चार दिवसांत त्याने पान उघडलेलंच नसेल तर कनेक्ट्स घालायचे नाहीत. एवढं पाळलं तेव्हा अर्ज कमी झाले आणि उत्तरं यायला लागली. पण यायला लागली म्हणजे किती? नव्वद दिवसांत २८ अर्ज आणि दोन कामं. मराठी थोडं आणि इतर भाषा जास्त अशा, अनेक भाषांच्या जाहिरातींनाही मी अर्ज केले होते, म्हणून आकडा २८ पर्यंत गेला. एक काम एका अ‍ॅपच्या माहितीचं, ११०० शब्द, ३५ डॉलर. दुसरं आयुर्वेदिक तेलाच्या लेबलचं, १५ डॉलर.

हिशोब असा झाला. अर्जांना २६० कनेक्ट्स गेले, त्यातले २१० विकत घेतलेले, म्हणजे साडेएकतीस डॉलर. कमाई ५० डॉलर. त्यातून अपवर्कने तेव्हाच्या नियमाप्रमाणे दहा टक्के कापले, उरले ४५. कनेक्ट्सचे पैसे वजा केले की हाती साडेतेरा डॉलर, साधारण अकराशे रुपये. अर्ज लिहिण्यात १९ तास आणि कामात सात, असे २६ तास. ताशी बेचाळीस रुपये. (२०२५ च्या मे महिन्यापासून नव्या कामांना ही कपात शून्य ते पंधरा टक्के अशी कामागणिक बदलते. आता हिशोब करणाऱ्याने तो आकडा अर्ज करतानाच बघावा.)

तरीही अपवर्कची एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. ठरावीक रकमेच्या कामात काम देणाऱ्याला पैसे आधी तिथे जमा करावे लागतात. काम सुपूर्द केल्यावर त्याने चौदा दिवस काहीच हालचाल केली नाही तरी पैसे आपोआप आपल्याकडे सुटतात. ते बँकेत काढता येण्याआधी आणखी पाच दिवस थांबावं लागतं एवढंच. लेबलवाल्याने तसंच केलं, काम घेतलं आणि गप्प बसला. पैसे आले. ही हमी बाकी दोन्ही प्रकारच्या ठिकाणी नाही, आणि त्याची किंमत मला नंतर कळली.

फायव्हरबद्दल थोडक्यात. तिथे आपण अर्ज करायचा नसतो, आपली सेवा मांडून बसायचं आणि गिऱ्हाइकाने यायचं. कपात वीस टक्के. मराठी अनुवाद म्हणून शोधलं की वर शेकडो परीक्षणं असलेले जुने लोक दिसत आणि भाव इतके उतरवलेले की एका शब्दाला काही पैसे सुटतील असं मला वाटेना. अडीच महिन्यांत चार संदेश आले, चारही ईमेल किंवा टेलिग्राम मागणारे. ऑर्डर एकही नाही.

आता जाहिराती. लिंक्डइन, नोकरी डॉट कॉम आणि इंटर्नशाला मिळून मी १६ अर्ज केले. इथे अर्जाला पैसे लागत नाहीत, पण एकेका जाहिरातीवर शंभरावर माणसं तुटून पडलेली असतात आणि बऱ्याच जाहिरातींत "अनुवादक" लिहिलं असलं तरी त्यांना हवा असतो तो पगारी, कार्यालयात बसणारा माणूस. तीन ठिकाणांहून उत्तर आलं.

एका ठिकाणी जे झालं ते सांगायलाच हवं. त्यांनी चाचणी म्हणून १८०० शब्द पाठवले, उद्या संध्याकाळपर्यंत द्या म्हणाले. मी रात्री दीडपर्यंत बसून दिले. मग काहीच उत्तर नाही. आठवड्याने एका गटात ओळख झालेल्या साताऱ्याच्या एका ताईंशी बोलताना कळलं की त्यांनाही तिथूनच चाचणी आली होती. दोघींनी फाइली समोर ठेवल्या. पाण्याच्या पंपाची एकच माहितीपुस्तिका, माझ्याकडे चौथा आणि पाचवा भाग, त्यांच्याकडे सहावा. म्हणजे चाचणीच्या नावाखाली अख्खी पुस्तिका फुकट करून घेतली जात होती. मला त्या रात्रीच्या जागरणाचा राग अजून येतो. आमच्या धंद्यात बिनपैशाची चाचणी दोनशे पन्नास ते तीनशे शब्दांची असते, आणि ती कुठूनतरी मधूनच सुरू होऊन मधेच संपत नाही, स्वतःत पूर्ण असते. शब्द त्याहून जास्त, मुदत उद्याची आणि मजकुरावर प्रकरणांचे क्रमांक असं दिसलं की समजावं. तेव्हापासून मी विचारते, "तीनशेच्या वरच्या शब्दांचे पैसे कसे देणार?" चांगली माणसं याला सरळ उत्तर देतात.

दुसरं उत्तर पुण्याच्या एका एजन्सीचं. त्यांना अनुवादक नको होता. दुसऱ्यांनी केलेले विमा आणि बँकेचे मराठी अनुवाद तपासणारं कुणीतरी हवं होतं. शब्दाला पंचवीस पैसे. मला वाटलं हे आपलं काम नाही. बहिणीला विचारलं तर ती म्हणाली, "अगं घे. तुला अनुवादाचा अनुभव कुणी देत नाहीये ना? मग तपासण्याचा घे. दुसऱ्यांच्या चुका बघण्यासारखी दुसरी शाळा नाही."

आणि तसंच झालं. पहिल्याच आठवड्यात एका कर्जाच्या पत्राचा अनुवाद समोर आला. इंग्रजीत होतं 'आउटस्टँडिंग अमाउंट', अनुवादकाने लिहिलं होतं 'थकीत रक्कम'. शब्दकोशात बघितलं तर चूक वाटणार नाही. पण बँकेत बसलेल्या माणसाला माहीत असतं की दर महिन्याला वेळेवर हप्ता भरणाऱ्याचीही आउटस्टँडिंग असतेच. ती येणे बाकी. थकबाकी म्हणजे ओव्हरड्यू, तारीख उलटून गेलेली. ते पत्र तसंच गेलं असतं तर नियमित हप्ते भरणाऱ्या हजारो लोकांना आपलं कर्ज थकलं असं वाटलं असतं. मी 'येणे बाकी' केलं आणि बाजूला दोन ओळींत कारण लिहिलं. एजन्सीच्या मॅडमचा फोन आला, "मॅडम, अशा टिपा प्रत्येक फाइलला देत जा." त्या दिवसापासून माझ्याकडे बँकेच्या फाइली आधी येऊ लागल्या. विम्याच्या एका कागदावर 'फ्री लूक पिरियड' चं 'मोफत पाहणी कालावधी' झालेलं मी तिथेच पकडलं. पॉलिसी हातात आल्यावर ती न पटल्यास परत करण्याची ती मुदत, तिच्यात मोफत काही नाही आणि पाहणीही नाही.

नव्वद दिवसांपैकी साधारण अकरा आठवडे हे काम चाललं. ३१ हजार शब्द, ७७५० रुपये, तासाला हजारेक शब्द धरले तर ३१ तास. ताशी अडीचशे. पैसे मात्र बिल दिल्यापासून पंचेचाळीस दिवसांनी. माझ्यासारखीला तेवढं थांबणं जमलं, कारण घरी दुसरा पगार होता. ज्याला महिनाअखेरीला भाडं द्यायचं आहे त्याने ही मुदत अर्जाआधीच विचारावी.

प्रोझवर मी खातं तिसऱ्या आठवड्यात उघडलं. हे ठिकाण १९९९ पासूनचं आणि फक्त अनुवादकांचं. काम देणारे इथे बहुतेक एजन्सीच असतात, आणि पैसे साइटच्या हातून जात नाहीत. ओळख इथे, व्यवहार दोघांत. त्यामुळे अपवर्कवरची ती जमा रकमेची हमी इथे नाही. त्याऐवजी ब्लू बोर्ड नावाची नोंदवही आहे, जिथे अनुवादक एजन्सीला एक ते पाच गुण देतात, आणि प्रश्न एकच असतो: यांच्यासोबत पुन्हा काम कराल का? साइटवर काय मोफत आणि काय नाही हे समजून घ्यायला मला दोन दिवस लागले. वर्षाची वर्गणी तेव्हा जड वाटली, म्हणून मी साधंच खातं ठेवलं.

तिथली दुसरी सोय आहे कुडोझ, म्हणजे अडलेल्या शब्दाला दुसऱ्या अनुवादकांनी प्रतिशब्द सुचवायचा. स्वीकारलेल्या उत्तराला गुण मिळतात आणि आपल्या भाषेच्या जोडीतल्या यादीत नाव वर सरकतं. इंग्रजी-स्पॅनिशमध्ये नवख्याला या वाटेने वर यायला वर्षं लागतील. इंग्रजी-मराठीत प्रश्न कमी येतात, पण उत्तर देणारेही कमीच. बँकेच्या शब्दांची सहा-सात उत्तरं स्वीकारली गेली एवढ्यावर मी वित्त विषयाच्या यादीत चांगली वर दिसू लागले. एजन्सीवाले ती यादी वरून खाली वाचत येतात.

पहिल्या खेपेला मी तिथल्या एजन्सींतून वीस निवडून ईमेल केले. त्यात रेझ्युमे, एका शब्दाचा दर, दिवसाला किती शब्द होतात आणि अनुवादाला मदत करणारं कोणतं कॅट सॉफ्टवेअर वापरते एवढंच. (मी तेव्हा ओमेगाटी शिकले, ते फुकट आहे. पुढे एजन्सीने मेमोक्यूचं लायसन्स वापरायला दिलं.) वीसपैकी चारांचं उत्तर आलं आणि चारांतही एकच वाक्य: किमान दोन वर्षांचा अनुभव हवा.

बाजार सरळ होता: अपवर्क परीक्षणं मागत होता, प्रोझवरच्या एजन्सी वर्षं मागत होत्या, आणि माझ्याकडे दोन्ही नव्हती.

सातव्या आठवड्यात दुसरी खेप पाठवली, पुन्हा वीस. या वेळी दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे ईमेलच्या दुसऱ्याच ओळीत लिहिलं की सहा वर्षं बँकेच्या कर्ज विभागात होते, आणि आता एका एजन्सीसाठी बँक व विम्याचे १८ हजार शब्द तपासले आहेत. गोपनीयतेच्या करारामुळे एजन्सीचं नाव आणि मजकूर देता येत नव्हता, ते स्पष्ट सांगितलं. दुसरी गोष्ट, नमुना स्वतः तयार केला. कर्ज देणाऱ्या बँका आपल्या साइटवर एमआयटीसी, म्हणजे महत्त्वाच्या अटींचं पत्रक, सगळ्यांना वाचायला ठेवतात. त्यातले तीनशे शब्द घेऊन मराठी केली आणि डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी अशी एका पानाची पीडीएफ जोडली. मराठी न येणाऱ्या व्यवस्थापकालाही ती दुसऱ्या अनुवादकाकडे देऊन तपासता येते. रेझ्युमेही पीडीएफच, घरचा पत्ता आणि जन्मतारीख काढून. अनुवादकांचे रेझ्युमे उचलून, फक्त ईमेल बदलून त्यांच्या नावावर काम मिळवणाऱ्या टोळ्या आहेत, आणि वर्डची फाइल त्यांना फारच सोपी जाते.

या खेपेला पाच उत्तरं आली. एकाने पुन्हा दोन वर्षं मागितली, एकाने नाव यादीत ठेवतो म्हटलं, तीन ठिकाणी चाचणी. तीनपैकी दोन पास झाले. जिथे नापास झाले त्यांनी कारण दिलं नाही. पास झालेल्यांतल्या परदेशी एजन्सीने बाराव्या आठवड्यात पहिलं काम दिलं: २३०० शब्द, शब्दाला चार सेंट, ९२ डॉलर, म्हणजे साडेसात हजारांच्या थोडे वर. दोन्ही खेपांच्या ईमेलना २० तास, चाचण्यांना सहा, कामाला नऊ. ताशी २१७ रुपयांच्या आसपास.

वही घेऊन मी बहिणीकडे गेले तेव्हा तिने तिन्ही आकडे बघितले: ४२, २५० आणि २१७. मला वाटलं ती म्हणेल जाहिरातींतच राहा. ती म्हणाली, "अडीचशेचा आकडा उद्याही अडीचशेच राहणार. पंचवीस पैशाचे तीस होतील फार तर. या २१७ मधले वीस तास ईमेलचे आहेत, ते पुन्हा लागणार नाहीत." ते खरं निघालं. पुढच्या तीन महिन्यांत त्याच एजन्सीची पाच कामं आली, एकही नवा ईमेल न लिहिता. दुसऱ्या पास झालेल्या ठिकाणी मात्र मी घाई केली. त्यांची ब्लू बोर्डवरची नोंद नीट न बघता ६४०० शब्द करून दिले आणि ते पैसे आजतागायत आलेले नाहीत. नंतर बघितलं तर त्या वर्षात एक-दोन गुणांच्या नोंदी ओळीने होत्या. आता पहिल्यांदा काम देणाऱ्याचं दोन हजार शब्दांवरचं काम मी घेत नाही, आणि त्याचे पैसे आल्याशिवाय दुसरं घेत नाही. तेव्हा वर्गणी भरून त्या नोंदी आधीच बघितल्या असत्या, तर ती या एका फाइलीतच वसूल झाली असती.

म्हणून मराठी अनुवादात नव्याने येणाऱ्याला मी हाच क्रम सांगते: आधी जाहिरातींतून एखाद्या एजन्सीचं तपासणीचं काम, दीड-दोन महिने. ते हातात आल्यावर प्रोझसारखं ठिकाण. अपवर्कवर खातं ठेवा, पण कनेक्ट्स विकत घेऊन तिथे पहिलं काम शोधू नका. आपली आधीची नोकरी लपवू नका, मला बँकेने जे दिलं ते कुणाला परिचारिकेच्या कामाने किंवा शेतीखात्याच्या नोकरीने दिलेलं असेल. औषधांच्या चाचण्यांचे संमतीपत्रक आणि खतांच्या पिशव्यांवरचा मजकूरही मराठीत होतोच.

हा क्रम दुसऱ्या कामाला जसाच्या तसा लागू होणार नाही. माझा भाचा वेबसाइट करतो. त्याच्यासाठी मी तसेच तीन आठवडे मोजले, तर अपवर्कवर वर्डप्रेसची कामं रोज डझनांनी येत होती, आणि त्याचं काम गिऱ्हाइकाला लिंक उघडून स्वतः बघता येतं, वाचता येणारी भाषा लागत नाही. त्याने छोटी कामं घेत तिथूनच सुरुवात केली आणि ते योग्यच होतं. टॉपटलसारखी निवडक माणसांची ठिकाणं त्याला खुणावत होती. तिथे मुलाखत, समोर बसून कोड लिहिणं आणि मग एक नमुना प्रकल्प अशा पायऱ्या असतात, काही आठवडे जातात. त्या त्याने दोन वर्षांनी चढायचं ठरवलं आहे.

माझं अपवर्कचं खातं अजून चालू आहे. कनेक्ट्स मी घेत नाही. मागच्या दिवाळीत तोच तेलाच्या लेबलवाला स्वतःहून परत आला, या वेळी नऊ लेबलं घेऊन. पैसे आधी जमा केलेले होते. मी भाव दुप्पट सांगितला आणि त्याने एकही प्रश्न न विचारता मान्य केला.